नासाकोटरे

नासाकोटरे (सामान्य भाषेत सायनस) म्हणजे चेहऱ्याच्या व कवटीच्या हाडांत नाकाभोवती असलेल्या हवेने भरलेल्या पोकळ्या होत. या पोकळ्या लहान छिद्रांद्वारे नाकात उघडतात. त्यांत तयार होणारा श्लेष्मा (चिकट द्रव) याच छिद्रांतून बाहेर पडतो. छिद्र बंद झाल्यास श्लेष्मा साचतो व त्यात जीवाणूंची वाढ होऊन संसर्ग होऊ शकतो.

रचना

नासाकोटरांच्या चार जोड्या असतात. कपाळाच्या हाडात ललाट कोटरे, गालामागे वरच्या जबड्याच्या हाडात हनु कोटरे आणि कवटीच्या तळाशी खोलवर जतूक कोटरे असतात. दोन्ही डोळ्यांच्या मधल्या भागात अनेक छोट्या कप्प्यांची चाळणी कोटरे असतात.

नाकाच्या आतील बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर वळलेली हाडे एकाखाली एक असतात व प्रत्येकाखाली एक मार्ग असतो. ललाट, हनु आणि पुढची चाळणी कोटरे ही तिन्ही मधल्या मार्गात उघडतात. त्यामुळे तेथील काही मिलिमीटरची सूज एकाच वेळी अनेक कोटरांचा निचरा अडवू शकते. मागची चाळणी कोटरे वरच्या मार्गात, तर जतूक कोटर त्याच्याही वर व मागे उघडते.

निचऱ्याची पद्धत

हनु कोटर हे सर्वांत मोठे असून प्रौढ व्यक्तीत त्याचे आकारमान सुमारे १५ मिलिलिटर असते. त्याचे छिद्र मात्र अवघे काही मिलिमीटर रुंद असते आणि ते तळाशी नसून आतल्या भिंतीवर, छताजवळ असते. साहजिकच उभ्या स्थितीत श्लेष्मा केवळ गुरुत्वाकर्षणाने बाहेर पडू शकत नाही.

हे काम पक्ष्माभिका करतात. कोटराच्या अस्तरातील पेशींवर असलेले हे केसासारखे सूक्ष्म तंतू ठरावीक दिशेने सतत हलत असतात. ते श्लेष्म्याचा थर तळापासून भिंतींवरून वर, छिद्राकडे ढकलतात. तेथून तो एका अरुंद खोबणीतून मधल्या मार्गात येतो व पुढे घशाकडे जाऊन नकळत गिळला जातो.

अडथळा व संसर्ग

साध्या सर्दीत विषाणूंमुळे नाकाचे व कोटरांचे अस्तर सुजते. छिद्र अरुंद असल्याने थोड्या सुजेनेही ते बंद होते. आत अडकलेल्या हवेतील ऑक्सिजन अस्तर शोषून घेते, त्यामुळे आतील दाब घटतो व अस्तरातून द्रव पाझरू लागतो. ऑक्सिजन कमी झाल्याने पक्ष्माभिकांची हालचाल मंदावते. जोराने नाक शिंकरल्यास नाकातील जीवाणूयुक्त श्लेष्मा कोटरात ढकलला जाऊ शकतो. साचलेल्या द्रवात न्यूमोकोकस किंवा हीमोफिलस इन्फ्लुएंझा यांसारखे जीवाणू वाढतात. त्यातून सूज वाढते व छिद्र अधिकच घट्ट बंद होते.

तथापि छिद्र बंद होणे हे एकमेव कारण नव्हे. पक्ष्माभिका जन्मतः सदोष असल्यास छिद्र उघडे असूनही श्लेष्मा साचतो. वरच्या दाढांची मुळे हनु कोटराच्या तळालगत असल्याने दाढेचा संसर्गही थेट कोटरात पोहोचू शकतो. अशा वेळी बहुधा एकाच बाजूने दुर्गंधीयुक्त स्राव येतो.

निदान

बहुतेक सर्दींचे रूपांतर जीवाणूजन्य संसर्गात होत नाही. प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे ०.५ ते २ टक्के आहे. स्राव पिवळा वा हिरवा होणे हा एकट्याने पुरावा ठरत नाही. उदाहरणार्थ, सर्दीच्या चौथ्या दिवशी घट्ट पिवळा स्राव असलेला, पण ताप नसलेला रुग्ण बहुधा विषाणुसंसर्गाचाच असतो. त्याच रुग्णाला पाचव्या दिवशी बरे वाटून सातव्या दिवशी पुन्हा ताप, गालात एका बाजूला वेदना व वाढलेला स्राव आल्यास जीवाणूंचा संशय बळावतो. दहा दिवसांत काहीच सुधारणा न होणे हेही तसेच लक्षण मानतात. साध्या सर्दीतही सीटी स्कॅनमध्ये कोटरांचे अस्तर जाड दिसत असल्याने सुरुवातीला ही तपासणी सहसा करत नाहीत.

डोळ्याभोवती सूज, एकाऐवजी दोन प्रतिमा दिसणे, तीव्र डोकेदुखी किंवा मान ताठरणे ही संसर्ग डोळ्याकडे वा मेंदूकडे पसरल्याची लक्षणे असू शकतात. त्यांसाठी तातडीचे उपचार लागतात.

उपचार

मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यास घट्ट श्लेष्मा सुटतो. त्यासाठी (जलनेतीसाठीही) उकळून थंड केलेले पाणी वापरतात, कारण अशुद्ध पाण्यातून नाकावाटे घातक अमीबा शिरू शकतो. चोंदलेले नाक मोकळे करणारे थेंब काही दिवसांपेक्षा अधिक वापरल्यास उलट सूज वाढते. जीवाणुसंसर्गाची शक्यता दिसल्यास डॉक्टर प्रतिजैविके देतात.

पूर्वी शस्त्रक्रियेत पाणी खाली वाहते या तर्काने हनु कोटराच्या खालच्या भागात नवे छिद्र पाडले जाई. परंतु पक्ष्माभिका श्लेष्मा त्या छिद्राला वळसा घालून मूळ छिद्राकडेच नेत राहतात. ऑस्ट्रियातील ग्राट्स येथील वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी या प्रवाहमार्गांचा सखोल अभ्यास केला. त्यावर आधारलेल्या, १९८० च्या दशकात रूढ झालेल्या दुर्बीण शस्त्रक्रियेत मूळ छिद्र व त्याभोवतालचा अरुंद मार्गच मोकळा करतात. दीर्घकालीन विकारात मात्र अस्तराची सूज हाच मुख्य दोष असू शकतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरही अनेकांना नाकात स्टेरॉइडचा फवारा चालू ठेवावा लागतो.