वेशीपासून दारापर्यंत : तळेगावातल्या लग्नात पाहुणा नावानं ओळखण्याचा इतिहास

आजचा विषय तसा रोजच्या पाहण्यातला आहे. मंगल कार्यालयाच्या दारात मुलीचे काका उभे असतात. आलेल्या माणसाला ते नावानं हाक मारतात, "सगळे आले का?" म्हणून विचारतात, आणि तेवढ्या वेळात मागं पंचवीस-तीस माणसं थांबलेली असतात. पुढचा ओळखला गेला म्हणून खूश, मागचा उभं राहावं लागतंय म्हणून नाराज. तळेगाव दाभाडे ते चाकण या पट्ट्यात लग्नसराईच्या कुठल्याही संध्याकाळी हे दिसतं. प्रश्न असा, की ही रांग आली कुठून? पूर्वीही लग्नाला शेकडो माणसं येत होती, मग तेव्हा दारात रांग का लागत नव्हती?

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करू. दाराशी गर्दी होणं तळेगावला नवीन नाही. सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या काळात इथं श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची आणि त्यासाठी लांबून लोक यायचे. 1731 साली डभोईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि पुढं ही प्रथा पहिल्या बाजीरावानं पुण्यात सुरू ठेवली. नंतर पर्वतीच्या पायथ्याशी त्यासाठी रमणा बांधला गेला. म्हणजे भिंतींनी बंदिस्त केलेलं मोठं आवार. सगळ्यांना आत घ्यायचं आणि बाहेर सोडताना एकेकाच्या हातावर दक्षिणा ठेवायची, म्हणजे तोच माणूस दोनदा येणार नाही. हजारोंची गर्दी अशी हलवता येत होती, कारण दारातल्या कारकुनाला समोरच्या माणसाचं नाव माहीत असण्याची गरज नव्हती. लग्नात नेमकं उलटं आहे. लग्नाच्या दारात द्यायचं असतं ते ओळखीचं, आणि ते कुठल्याही कारकुनाला देता येत नाही.

आता लग्नाकडे येऊ. जुन्या लग्नात पाहुणा ओळखण्याची जागा दार नव्हतीच. ती होती गावाची वेस. आज कार्यालयातल्या हॉलमध्ये आदल्या संध्याकाळी जो विधी होतो, आणि ज्याला बोलण्यात आपण 'श्रीमंतपूजन' म्हणतो, तो मुळात सीमांतपूजन. सीमांत म्हणजे गावाची हद्द. मुलाकडचं वऱ्हाड बैलगाड्यांतून एकत्र यायचं, हद्दीवर थांबायचं, आणि मुलीकडची मंडळी सामोरी जायची. तिथंच व्याहीभेट. व्याह्याला व्याही भेटणार, मामाला मामा, चुलत्याला चुलता. दोन्हीकडचं एकेक जाणतं माणूस नाव आणि नातं पुकारायचं, मग नारळ, मग गळाभेट. म्हणजे नावानं ओळखणं हे एक स्वतंत्र काम होतं, त्याला वेळ राखून ठेवलेला होता, आणि ते दोन घरांपुरतंच होतं. तिथून वऱ्हाड जानवशाला जायचं.

बाकीचे सोयरे-धायरे दोन-तीन दिवस आधीपासून येत राहायचे. कोणी हळदीला, कोणी देवकाला. वाड्याचा दिंडी दरवाजा ओलांडला की आत देवडी, म्हणजे दाराच्या दोन्ही अंगांना बसायचा ओटा. तिच्यापुढं चौक आणि मग ओसरी. आलेला माणूस देवडीवर टेकायचा, पाणी प्यायचा. घरातलं म्हातारं माणूस सवडीनं बाहेर यायचं आणि "कोण, इंदोरीचे का?" असं विचारायचं. थांबणं तेव्हाही होतंच, पण ते बसून होतं आणि मागून कोणी ढकलत नव्हतं.

1858 साली खंडाळा ते पुणे हा रेल्वेमार्ग सुरू झाला. तळेगावचं वऱ्हाड गाडीनं येऊ-जाऊ लागलं आणि वेशीची जागा स्टेशननं घेतली. तरीही वऱ्हाड एकत्रच उतरायचं, एकत्रच भेटायचं. खरा बदल झाला तो लग्न घरातून कार्यालयात गेलं तेव्हा, आणि माणसं नोकरीला लागली तेव्हा. पिंपरीत पन्नासच्या दशकात हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली, पुढं चाकण आणि तळेगावच्या वसाहती उभ्या राहिल्या. तीन दिवसांची रजा कोण देणार? पाहुणा आता पहिली पाळी संपवून, घरी जाऊन, कपडे बदलून गोरज मुहूर्ताला येतो. त्यात तळेगाव-चाकण रस्ता तुंबलेला असला की वेगवेगळ्या वेळी निघालेली माणसंही एकदमच पोहोचतात.

इथं जरा हिशेब करून बघू. समजा मुहूर्त सहा पस्तीसचा आहे आणि नऊशे पाहुणे अपेक्षित आहेत. त्यातले सहाशे शेवटच्या चाळीस मिनिटांत येतात असं धरा. म्हणजे मिनिटाला पंधरा माणसं. घरटी तीन माणसं धरली तर मिनिटाला पाच कुटुंबं. दारातल्या काकांना एका कुटुंबाला नावानं बोलवून, दोन शब्द विचारून आत पाठवायला वीस सेकंद लागतात. वीस सेकंद म्हणजे काही फार नाही, पण मिनिटाला तीनच कुटुंबं झाली. दोन मागं उरली. वीस मिनिटांनी चाळीस कुटुंबं, म्हणजे एकशे वीस माणसं, पायरीवरून थेट पार्किंगपर्यंत उभी. त्यातल्या शेवटच्याला काकांपर्यंत पोहोचायला तेरा मिनिटं लागणार. तेवढ्यात आत मंगलाष्टकं सुरू होतात.

वाटतं की दुसरा माणूस उभा केला की झालं. हिशेबानं खरं आहे, दोघांत मिनिटाला सहा कुटुंबं होतात आणि रांग राहत नाही. पण प्रत्यक्षात दोघं उभे असतात आणि रांग एकाच्याच पुढं असते. दुसरा असतो नवरीचा पंचविशीतला चुलतभाऊ. तो हसून हात जोडतो, पण त्याला कोणाचं नाव ठाऊक नसतं. पाहुण्यालाही ते कळतं, म्हणून तो काकांसाठी थांबतो. अडचण माणसांच्या संख्येची नाही, ओळख एकाच डोक्यात साठलेली असण्याची आहे. जुन्या व्याहीभेटीत मामाला मामा भेटत होता, कारण ओळख नात्यांत वाटलेली होती. तीच वाटणी दारात आणली तर उपयोग होतो. भावकीसाठी चुलता, आजोळच्या माणसांसाठी मामा, कंपनीतल्या लोकांसाठी मुलाचा किंवा मुलीचा एखादा सहकारी, आणि तिघं एकमेकांपासून चार पावलं लांब. फेटा बांधायचा असेल तर तो दारात बांधायचा नाही. एका फेट्याला दोन मिनिटं धरली तरी तेवढ्यात आणखी दहा कुटुंबं दाराशी आलेली असतात. फेटेवाला आत, बाजूला बसवावा.

गंमत म्हणजे ही वाटणी आपल्या लग्नपत्रिकेवर छापलेली असते. खाली 'स्वागतोत्सुक' म्हणून नावांची मोठी यादी असते. शब्दाचा अर्थ सरळ आहे : स्वागताला उत्सुक असलेली माणसं. पण ही यादी आज मानाची झाली आहे. ज्याचं नाव राहिलं तो रुसतो, आणि ज्यांची नावं आहेत त्यांतले बरेच जण मुहूर्ताला दारात नसतात.

आता या विषयातली, आम्हाला वाटतं, सगळ्यात महत्त्वाची बाजू. नावानं ओळखायचं, पण कुठल्या नावानं? आहेराच्या जुन्या वह्या काढून बघा. पुष्कळ घरांत त्या माळ्यावर असतात. त्यात गाव लिहिलेलं असतं, पुरुषाचं नाव असतं, पुढं आहेर असतो : पातळ, भांडं, रोख रुपये. त्या घरातली बाई त्याच पुरुषाच्या नावाखाली येते. पत्रिकेवर पत्ता घालतानाही 'श्री. व सौ.' एवढ्यावर भागतं. शिवाय आपल्याकडे बऱ्याच घरांत लग्नात मुलीचं पहिलं नावच बदलायचे. ताटात तांदूळ पसरून त्यात नवं नाव लिहायचे. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी या घरातून गेलेली आत्या आज येते तेव्हा वहीत तिचं नाव नाही, पत्रिकेवर नाही, आणि सासरच्या कागदांत आहे ते वेगळंच. तिचं जन्मनाव माहीत असलेली दोन-तीनच माणसं उरलेली असतात. त्यांतलं एखादं दारात असलं आणि त्यानं "ये गं कुसे" म्हटलं, तर ती या घरची लेक म्हणून आत जाते. नसलं, तर ती अमक्यांची मंडळी म्हणून आत जाते. माहेरवाशिणी लग्नात का रुसतात याची चेष्टा पुष्कळ होते. त्या रुसव्याचं एक कारण या दारात सापडतं.

आणि इथंच गेल्या काही दशकांत एक भर पडली : माईक. आमच्या मावळ भागातल्या लग्नात निवेदक असतो. "पंचायत समितीचे माजी सभापती यांचं आगमन झालेलं आहे, त्यांनी पुढं यावं." लगेच दारातले काका रांग सोडून त्यांना घ्यायला जातात, रांग कडेला सरकते, आणि आत्या तिथंच उभी राहते. नाव पुकारणं ही व्याहीभेटीतली जुनीच रीत आहे, पण तेव्हा नात्याप्रमाणं पुकारत होते, आता पदाप्रमाणं. त्यातून दोन गोष्टी होतात. काका जागेवरून हलले की रांग पूर्णच थांबते, आणि मागच्यांना का थांबलो तेही ऐकू येतं. नुसत्या थांबण्याचा राग एवढा येत नाही.

त्यामुळं ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांना आम्ही दोनच गोष्टी सुचवू. पुढाऱ्यांना घ्यायला दारातल्या तिघांपैकी कोणी जायचं नाही, त्यासाठी चौथा माणूस ठेवावा. आणि घरातली सगळ्यात जुनी बाई, आजी असेल, थोरली आत्या असेल, तिला आत सोफ्यावर बसवू नका. दारापाशी खुर्ची टाकून द्या, आणि शेजारी एक नातवंड वही घेऊन बसवा. आजी ज्या नावानं हाक मारेल ते नाव, त्या बाईचं आताचं नाव आणि गाव, एवढं त्यानं लिहून घ्यायचं. आहेराच्या वहीत जे कधी लिहिलं गेलं नाही ते या वहीत येईल, आणि घरातल्या पुढच्या लग्नाला दारात उभं राहणाऱ्याच्या ते हाताशी असेल.

इथं थांबतो. कोणाच्या घरी 1960 च्या आधीची आहेराची वही असेल तर ती टाकून देऊ नका, पुढच्या वेळी घेऊन या. आपण ती मिळून वाचू.