चार रंगांत हिरवा कुठे बसला?

पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषाने पालीत ‘विसुद्धिमग्ग’ रचला. त्यात ध्यानासाठी रंगीत वर्तुळ तयार करण्याची कृती दिली आहे. नील रंगाचे वर्तुळ हवे असेल तर नीलकमळ, गोकर्ण अशी फुले घ्यावीत. परडी नाहीतर करंड्याचे झाकण घेऊन त्यात नुसत्या पाकळ्या काठोकाठ, सपाट भराव्यात. देठ किंवा केसर जराही दिसता कामा नये. फुले नसतील तर त्या रंगाचे कापड ढोलकीच्या पानासारखे ताणून बांधावे, किंवा रंगद्रव्याने भिंतीवर वर्तुळ काढावे. मग त्याच्याकडे पाहत मनाशी ‘नील, नील’ म्हणत राहावे.

इथवर सगळे सरळ आहे. गोकर्ण आपल्याही कुंपणावर असते, तिचा निळा सांगायला नको. पेच पडतो तो रंगद्रव्याच्या यादीत, कारण तिथे तीन नील सांगितले आहेत: कंसनील, पलासनील आणि अंजननील. पलास म्हणजे पान, म्हणजे पलासनील हा पानाचा रंग. कंसनील म्हणजे काशाच्या भांड्यावर चढणारी हिरवट छटा, असा अर्थ सहसा लावतात. अंजननील तर सरळ काजळाचा काळा. बुद्धघोषाला या तिघांतले कोणतेही चालते. ध्यानाचे रंग चारच: नील, पिवळा, तांबडा आणि पांढरा. हिरव्यासाठी वेगळी परडी नाही, तो नीलातच आला.

या ग्रंथाच्या संपादनात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. गोव्याचे धर्मानंद कोसंबी 1910 मध्ये हार्वर्डला गेले. दिवंगत हेन्री क्लार्क वॉरन यांचे ‘विसुद्धिमग्गा’चे अपुरे काम पुढे नेण्यासाठी त्यांना तिथे बोलावले होते. हार्वर्डची ती प्रत छापून निघाली 1950 मध्ये, कोसंबींच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. मधल्या काळात त्यांनी पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली.

बुद्धघोषाची ही कृती वाचताना जुन्नर आठवते. तिथल्या शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री आणि तुळजा या डोंगरांत बौद्ध लेणी आहेत, तेव्हा ही परडी तिथल्या भिक्खूंच्या हाती देण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. जुन्नरचे लेख प्राकृतात आहेत, ते दानाबद्दल बोलतात आणि बुद्धघोषाच्या बरेच आधीचे आहेत. त्यांत ध्यानाच्या रंगांची कृती नाही. मात्र त्याच सातवाहनी मुलखाच्या भाषेत, महाराष्ट्री प्राकृतात, रंगांचा वेगळा पुरावा उरला आहे. तो एका मोठ्या वादात कामाला येतो.

हा वाद जर्मनीतला. 1867 मध्ये लाझारस गायगर या भाषाभ्यासकाने फ्रँकफुर्टमध्ये व्याख्यान दिले. वेदांच्या सूक्तांत दहा हजारांवर ओळी आहेत, आकाशाची वर्णने ठायी ठायी आहेत, पण आकाश निळे असल्याचे कुठेच म्हटलेले नाही, असे त्याने दाखवले. होमरच्या काव्याबद्दल ग्लॅडस्टनने 1858 मध्ये असेच काहीसे लिहिले होते. गायगरने त्यावरून अनुमान काढले की प्राचीन माणसाची रंगदृष्टीच अपुरी होती आणि ती टप्प्याटप्प्याने विकसित झाली.  

निरीक्षण बरेचसे खरे होते, घसरला तो अनुमानात. हालाच्या नावावरच्या महाराष्ट्री प्राकृत ‘गाहा सत्तसई’त एका गाथेत कमळाच्या पानावर बगळी निश्चल बसली आहे, जणू पाचूच्या ताटात शंख ठेवलेला. दुसरीत आकाशातून उतरणारी पोपटांची रांग पाचू आणि माणकांच्या निसटलेल्या कंठ्यासारखी दिसते. पान हिरवे आहे, पोपट हिरवा आहे, आणि कवी रंगाचे नाव न घेता पाचू पुढे करतो. या दोन गाथाच उरल्या असत्या तर गायगरच्या पद्धतीने आपण म्हटले असते की या लोकांना हिरवा दिसत नव्हता. कागदावर शब्द नाही म्हणजे डोळ्यात रंग नाही, असे होत नाही.

पलासनील हा सामासिक शब्दही तेच सांगतो. ज्याला पानाचा नील आणि काजळाचा नील अशी नावे देता येतात, त्याला दोन्हींतला फरक दिसतोच. आजची व्हिएतनामी भाषा असेच करते. तिथे निळ्या-हिरव्याला मिळून ‘सान्ह’ हा एक शब्द आहे आणि गरज पडली की पानाचा सान्ह, आभाळाचा सान्ह अशी फोड करतात. भाषेने कुठे कुंपण घातले तेवढाच प्रश्न उरतो.

बर्लिन आणि के या अमेरिकन अभ्यासकांनी 1969 मध्ये या कुंपणांना एक क्रम असल्याचे मांडले. आधी काळा-पांढरा, मग तांबडा, मग पिवळा व हिरवा, आणि निळा त्यानंतर. पुढच्या अभ्यासात पांढरा, तांबडा, पिवळा आणि ‘काळा-हिरवा-निळा’ मिळून एक, अशा चार वाट्यांच्या भाषाही नोंदल्या गेल्या. बुद्धघोषाच्या परड्या या नकाशावर तंतोतंत बसतात. तरी पाली ही चार रंगांची भाषा होती असे मी म्हणणार नाही. तिच्यात हिरव्याला ‘हरित’ आणि काळ्याला ‘काळ’ हे शब्द होतेच. ध्यानाची चौकट शब्दसंग्रहाहून जुनी किंवा जाणूनबुजून ढोबळ ठेवलेली असू शकते.

संस्कृत ‘अमरकोश’ वेगळा टप्पा दाखवतो. तिथे हरित पानाच्या रंगाशी वेगळा बसला आहे, पण नील अजून कृष्ण, श्याम, काल यांच्याच ओळीत आहे. म्हणजे हिरवा सुटला, निळा मात्र काळ्याच्या घरात राहिला.

हिरवा-निळा एकत्र का राहतो? निळीने रंगवायला येत नसेल म्हणून, हे उत्तर आपल्याकडे लागू पडत नाही, कारण भारतीय नीळ ग्रीकांनाही माहीत होती. उलट निळीच्या पिंपातून कापड पिवळसर-हिरवे बाहेर येते, हवा लागताच निळे होते आणि पुन्हा पुन्हा बुडवले की काळ्याजवळ जाते. नीलाच्या तिन्ही छटा एकाच कापडावर! दाखला मोहक आहे, पण त्याने कारण सिद्ध होत नाही. 2002 मध्ये लिंडसे आणि ब्राउन यांनी प्रखर उन्हाचा मुद्दा मांडला: अतिनील किरणांनी डोळ्याचे भिंग पिवळे पडते आणि निळा मंदावतो. मग दख्खनच्या उन्हात मराठीने हे दोन रंग वेगळे कसे ठेवले? मला 2017 चे स्पष्टीकरण अधिक पटते. बोलीवियातल्या त्सिमाने लोकांसह केलेल्या त्या अभ्यासात दिसले की माणसे ज्या वस्तूंबद्दल बोलतात त्या बहुधा तांबड्या-पिवळ्या बाजूच्या असतात, तर पार्श्वभूमी हिरवी-निळी असते. रान आणि आभाळ एकमेकांपासून निवडायला रंगाचे नाव लागत नाही, पिकलेले फळ निवडायला लागते. माणसे रंगवलेल्या वस्तूंची देवघेव करू लागली की निळ्या-हिरव्यालाही वेगळ्या नावांची निकड भासते.

मराठीत ज्ञानदेवांच्या नावावरच्या अभंगांत आकाश निळे झाले आहे, तरी तिथला निळा आणि विठ्ठलाचा सावळा एकमेकांत मिसळतात. 1831 च्या मोल्सवर्थच्या कोशापर्यंत हिरवा आणि निळा दोन वेगळे शब्द म्हणून पक्के दिसतात. आज आपण हिरवागार म्हणतो आणि निळाशार म्हणतो, प्रत्यय बदलून म्हणत नाही. साडीच्या दुकानात तर दोघांच्या मधल्या पट्ट्यालाच रामा, मोरपंखी, चिंतामणी अशी नावे आहेत. काळ्याशी असलेली जुनी सोयरीक मात्र तुटलेली नाही: मार बसला की अंग अजून काळेनिळेच पडते.