घरकुलाचे नाव

1985-86 साली केंद्र शासनाने अनुसूचित जाती-जमाती व मुक्त वेठबिगार यांच्यासाठी ग्रामीण घरांची 'इंदिरा आवास योजना' सुरू केली. 1993-94 पासून ती इतर गरिबांनाही खुली झाली. 'आवास' हा शब्द आपल्या वस्तीत कोणी बोलत नाही. कचेरीने त्याचेही 'आय.ए.वाय.' केले. वस्तीने मात्र त्याला 'घरकुल' म्हटले. 2016 साली ती 'प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण' झाली, कागदावर 'पी.एम.ए.वाय.-जी.' आले, वस्तीत घरकुल ते घरकुलच राहिले.

या दोन्ही नावांतून देणारा कळतो. घर कोणाच्या हक्काचे, हे कळत नाही.

महाराष्ट्र शासनाने अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी काढलेल्या योजनेचे नाव 'रमाई आवास' आहे. ते माता रमाबाईंचे नाव. तीन अक्षरांचे असल्याने कारकुनाला आद्याक्षरे जुळवावी लागत नाहीत. तोही 'रमाई'च लिहितो. निरक्षर म्हातारीसमोर यादी वाचली, तरी ही यादी आपली हे तिला लगेच समजते.

पण नाव समजले म्हणून अट समजते असे नाही. घर बांधायला स्वतःची जागा लागते. जो भूमिहीन आहे, त्याचा अर्ज तिथेच अडतो. आणि ही अट कोणत्याच नावात लिहिलेली नसते.