जुलै २००९ च्या आधीचे केस पेपर

एका सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना लिहिलेले हे पत्र सर्पदंशावरील एका एमडी प्रबंधाच्या परिशिष्टात बांधलेले आहे. तारीख ४ जून २०१२. ‘विभागप्रमुखांमार्फत’ आलेल्या या अर्जात मागणी नेमकी आहे: मेडिसिन वॉर्डातील जानेवारी २००७ ते डिसेंबर २०११ या काळातील सर्पदंशाच्या रुग्णांच्या नोंदी पाहू द्याव्यात.

आवक शिक्का ५ जूनचा. समासात निळ्या शाईचा शेरा आहे: ‘एथिक्स कमिटीचे पत्र जोडावे. पेपर रेकॉर्ड रूममध्येच पाहावेत. नाव-पत्ता उतरू नये.’ शेऱ्याखाली सही आहे, तारीख नाही. पुढच्याच पानावरचे समितीचे मान्यतापत्र २८ जूनचे आहे आणि प्रबंधानुसार काम २ जुलैला सुरू झाले. म्हणजे माहिती मान्यतेनंतरच गोळा झाली, एवढे निश्चित.

खरा पेच प्रबंधाच्या कोष्टकांत आहे. वय, लिंग आणि महिनावार दाखल रुग्ण यांचे कोष्टक मागितल्याप्रमाणे पाचही वर्षांचे आहे. पण दंशानंतर प्रतिविषाचा पहिला डोस किती वेळाने मिळाला आणि एकूण किती व्हायल लागल्या, हे सांगणारे कोष्टक जुलै २००९ पासूनच सुरू होते. पहिली माहिती वॉर्डाच्या दाखल रजिस्टरातून मिळते, दुसरीसाठी मात्र प्रत्येकाचा केस पेपर आणि त्यातला नर्सिंग चार्ट उघडावाच लागतो. तेव्हा रजिस्टरे पाचही वर्षांची हाती आली, जुने केस पेपर आले नाहीत, हे अनुमान मला भक्कम वाटते.

ते का आले नाहीत? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपायच्या असतात. जुलै २०१२ मधून ३ वर्षे वजा केली की जुलै २००९ च येतो. त्यामुळे जुने पेपर नष्ट झाले असावेत, असे चटकन वाटते. पण जुने पेपर रोजच्या रोज कोणी निकाली काढत नाही. ते गठ्ठ्यांनी, बहुधा वर्षाच्या हिशेबाने काढतात. तसे झाले असते तर कोष्टक जानेवारी किंवा एप्रिलपासून सुरू झाले असते. ते नेमके जुलैपासून सुरू व्हावे, यावरून मला दुसरी शक्यता अधिक पटते: पेपर रेकॉर्ड रूममध्ये होते, पण कोणीतरी ३ वर्षांची अट जपणुकीची न मानता पाहण्याची मानली. नियमात तशी मर्यादा नाही.

मात्र हा तर्कच आहे. शेऱ्यात वर्षांचा उल्लेख नाही आणि प्रबंधाच्या मर्यादांमध्ये ‘जुने पेपर उपलब्ध झाले नाहीत’ एवढेच वाक्य आहे. ‘उपलब्ध’ म्हणजे नव्हते की दिले नाहीत, याचा निकाल नष्ट केलेल्या कागदांची यादीच लावू शकेल. त्या यादीत २००७ ते २००९ चे गठ्ठे जुलै २०१२ नंतरच्या तारखेला नोंदलेले निघाले, तर संशोधक रेकॉर्ड रूममध्ये बसलेला असताना ते तिथेच होते, असे म्हणता येईल.