ग्रामसभेची विषयपडताळणी

ग्रामसभेच्या सूचनेतील विषय आणि सभेच्या ध्वनिमुद्रणावरून उतरवलेली शब्दशः नोंद समोरासमोर ठेवून कोणता विषय झाला, कोणता राहिला आणि कशाला नुसता स्पर्श झाला हे ठरवण्याची पद्धत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार ग्रामसभेच्या वर्षाला किमान चार बैठका व्हाव्या लागतात. हा नियम राज्यभर एकच असल्याने हिंगोली जिल्ह्यात, हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांतील गावांना ही पद्धत सारखीच लागू पडते.

पद्धत : पडताळणी इतिवृत्तावरून करीत नाहीत, कारण इतिवृत्त ग्रामपंचायत अधिकारी मागाहून लिहितो आणि त्यात बहुधा निर्णयच येतात. शब्दशः नोंदीत मात्र कोण, केव्हा, काय बोलले ते वेळेसह असते. आधी सूचनेतील जोडविषय सुटे करतात. ‘जमाखर्च व विकास आराखडा’ हे दोन विषय होत. मग प्रत्येकासमोर नोंदीतील वेळ लिहितात. माहिती दिली गेली, बोलायला वाव मिळाला आणि काहीतरी ठरले, तर विषय ‘झाला’. तहकूब करण्याचे ठरले तर ‘पुढे ढकलला’. विषय निघाला पण या तिन्ही गोष्टी पुऱ्या झाल्या नाहीत, तर ‘स्पर्श’. सूचनेच्या वाचनाखेरीज कुठेच आला नाही, तर ‘राहिला’.

उदाहरण (काल्पनिक) : 50 मिनिटांच्या सभेत मागील इतिवृत्त वाचून एका मिनिटात कायम झाले, विषय झाला. जमाखर्चाचे आकडे वाचले, एकाने दिवाबत्तीचा खर्च विचारला, उत्तराआधीच पुढचा विषय पुकारला, हा स्पर्श. ‘जलजीवन मिशन’ हे शब्द सभेत एकदाही उच्चारले गेले नाहीत, पण ‘टाकी’ आणि ‘पाईपलाइन’वर तीन ठिकाणी मिळून 20 मिनिटे बोलणे होऊन दुरुस्तीचा ठराव झाला, विषय झाला. घरकुल यादीचा उल्लेख फक्त सुरुवातीला सूचना वाचताना आला, विषय राहिला. इतिवृत्तात त्याच यादीपुढे ‘सर्वानुमते मंजूर’ असेल, तर ती तफावत वेगळी नोंदवतात.

चुका आणि मर्यादा : उदाहरणावरून दोन चुका उघड होतात. केवळ शब्द शोधल्यास पाण्याचा विषय हुकतो आणि सूचनेच्या वाचनामुळे घरकुलाचा विषय झाल्यासारखा वाटतो. केवळ मिनिटे मोजल्यास इतिवृत्ताची मंजुरी क्षुल्लक ठरते. गोंगाटात किंवा ध्वनिमुद्रण तुटल्यावर निघालेला विषय नोंदीत दिसत नाही. तेथे ‘राहिला’ न लिहिता ‘अस्पष्ट’ लिहितात. ऐनवेळचे विषय वेगळ्या यादीत जातात. ठराव वैध आहे की नाही, हे या पडताळणीतून ठरत नाही. त्यासाठी गणसंख्या, सूचनेची मुदत आणि मूळ दस्तऐवज तपासावे लागतात.