झीरो माइलच्या घोड्याचा फोटो लाइन आर्टमध्ये कसा उतरवतात?

नागपूरच्या झीरो माइलला दगडी स्तंभाशेजारी चार घोडे आहेत. त्यातल्या एकाचा फोटो ड्रॉइंग टॅबलेटवर गिरवायचा असेल, तर फोटोच्या लेयरची ओपॅसिटी ३० टक्क्यांच्या आसपास आणून तो लॉक करतात. रेषा त्यावरच्या नव्या लेयरवर काढतात.

मानेच्या लांब वळणासाठी स्ट्रोक स्मूदिंग वाढवावं, पण कान आणि खुरांसाठी कमी करावं. नाहीतर टोकं गोल होतात. ३००० पिक्सेलच्या कॅनव्हासवर बाहेरची रेषा ८ पिक्सेल जाड ठेवली, तर आतल्या स्नायूंना ३ पुरतात.

शेवटी फोटोचा लेयर लपवून पाहावं. पोटावर अर्थ न लागणारी रेषा दिसली, तर ती बहुधा घोड्याची नसते, गिरवलेल्या सावलीची असते. ती पुसावी.