‘नेक्टर’ का हरला आणि ‘नोव्हेंबर’ का जिंकला?

आजचा एपिसोड माझ्या एका चुकीपासून सुरू होतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रीचे साडेअकरा, मी बसमध्ये, आणि ऑफिसमधून सहकाऱ्याचा फोन. एक डेटाबेस सर्व्हर अडकला होता. मी म्हणालो, “अरे, डीबी एन टू रीस्टार्ट कर.” त्याने केला. पण त्याने ऐकलं होतं “एम टू”. म्हणजे `db-n2` अडकलेलाच राहिला आणि धडधाकट चालणारा `db-m2` बंद पडला. पुढची चाळीस मिनिटं ग्राहकांचे पेमेंट अडकले. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये प्रश्न आला, चूक बोलणाऱ्याची की ऐकणाऱ्याची? खरं सांगू? चूक नाव ठेवणाऱ्याची होती. आणि ती नावं मीच ठेवली होती.

‘म’ आणि ‘न’ दोन्ही नाकातून येणारे आवाज. फरक एवढाच की ‘म’ला ओठ मिटतात आणि ‘न’ला जीभ दातांमागे टेकते. समोरासमोर असलो तर ओठ दिसतात. फोनवर ते दिसत नाहीत, आणि मागे बसचं इंजिन असेल तर उरलासुरला फरकही बुडतो. ‘एफ’ आणि ‘एस’चं वेगळंच दुखणं. जुन्या पद्धतीच्या फोन लाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो. ‘स’ची खरी सळसळ त्याच्या वर असते, म्हणजे ती वाटेतच कापली जाते. आणि बी, सी, डी, जी, पी, टी, व्ही? सगळ्यांच्या शेवटी तोच लांब ‘ई’. ऐकणाऱ्याला ‘ई’ तेवढा नीट ऐकू येतो, आधीचं अक्षर तो अंदाजाने भरतो.

म्हणून तर आपण “बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली” करतो. पण हे शब्द आपण जागेवर सुचतील तसे घेतो. विमानवाल्यांना हे परवडणारं नव्हतं, आणि त्यांनी यावर काय केलं, तीच आजची गोष्ट.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी आणि ब्रिटिश सैन्याकडे एक यादी होती: एबल, बेकर, चार्ली, डॉग... ‘आर’साठी रॉजर. सिनेमात पायलट “रॉजर” म्हणतो ना, ते इथूनच आलं. ‘रिसीव्ह्ड’चा आर, म्हणजे निरोप मिळाला. इंग्रजी बोलणाऱ्यांना ही यादी ठीक होती. पण युद्धानंतर आंतरराष्ट्रीय विमानसेवा वाढली आणि रेडिओवर फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज बोलणारे पायलट आले. त्यांच्या तोंडात यातले कितीतरी शब्द बसेनात. लॅटिन अमेरिकेत तर ‘आना, ब्राझील’ने सुरू होणारी वेगळीच यादी चालायची. एकाच आकाशात दोन याद्या!

मग आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, नवी यादी करायला घेतली. १९४८-४९ मध्ये माँट्रियल विद्यापीठातले भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाँ-पॉल व्हिने यांनी त्यांच्यासोबत काम केलं. अटी साध्या होत्या. शब्द इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश तिन्ही भाषांत वापरात हवा. कुठल्याही देशाच्या पायलटला तो सहज म्हणता यावा, रेडिओवर नीट ऐकू यावा, आणि त्याचा कुठे वाईट अर्थ निघू नये. १ नोव्हेंबर १९५१ ला ही यादी नागरी विमानांसाठी लागू झाली. अल्फा, ब्राव्हो, डेल्टा त्यातलेच. आयसाठी आपला ‘इंडिया’सुद्धा.

पण त्यात सीसाठी होता ‘कोका’, एमसाठी ‘मेट्रो’, एनसाठी ‘नेक्टर’, यूसाठी ‘युनियन’ आणि एक्ससाठी ‘एक्स्ट्रा’.

आता एक करून बघा. पंखा फुल करा आणि दुसऱ्या खोलीतून कुणालातरी म्हणायला सांगा: नेक्टर, व्हिक्टर. दोन्ही दोन तुकड्यांचे, जोर पहिल्या तुकड्यावर, शेवट सारखाच ‘क्टर’. फरक फक्त सुरुवातीच्या ‘ने’ आणि ‘व्हि’मध्ये, आणि रेडिओचं बटण दाबताना नेमकी सुरुवातच कापली जाऊ शकते. डेल्टा आणि एक्स्ट्राचं तसंच: आधी ‘ए’, शेवटी ‘टा’ किंवा ‘ट्रा’. प्रत्यक्ष वापरात याच जोड्यांची गल्लत होऊ लागली.

इथे मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे. ‘नेक्टर’ हा शब्द एकटा घेतला तर त्यात काहीच वाईट नाही. म्हणायला सोपा, ऐकायला गोड. तो वाईट ठरला, कारण यादीत आधीच ‘व्हिक्टर’ होता. म्हणजे शब्द सोपा आहे का, एवढं विचारून भागत नाही. तो कुणाच्या शेजारी बसणार आहे, हेही विचारावं लागतं.

आयकाओच्या चाचण्यांत याचं अजून एक उदाहरण निघालं. ‘फुटबॉल’ हा शब्द एकटा ऐकवला तर ‘फॉक्सट्रॉट’पेक्षा जास्त लोकांना कळायचा. पण लांबलचक संभाषणात, बाकी शब्दांच्या गर्दीत, ‘फॉक्सट्रॉट’ सरस ठरला. यादीत तोच राहिला. ३१ देशांच्या लोकांवर चाचण्या घेऊन शेवटी फक्त पाच शब्द बदलले: चार्ली, माइक, नोव्हेंबर, युनिफॉर्म आणि एक्स-रे. यातले चार्ली, माइक आणि एक्स-रे तर जुन्या युद्धकाळातल्या यादीतूनच परत आले. १ मार्च १९५६ पासून हीच यादी चालते आहे. नोव्हेंबर बघा: तीन तुकडे, जोर मधल्यावर. व्हिक्टरशी गल्लत होणं अवघड.

आकड्यांनाही हाच नियम. इंग्रजीतला नऊ ‘नाइनर’ म्हणायचा, म्हणजे तो पाचसारखा ऐकू येत नाही. तीन ‘ट्री’ म्हणायचा, कारण कितीतरी भाषांत ‘थ’सारखा तो इंग्रजी आवाजच नाही. आपल्याकडे सात आणि साठ फोनवर किती वेळा गडबड करतात, आठवून बघा.

आता परत माझ्या सर्व्हरकडे. हे सगळं वाचून मी नद्यांची नावं घेतली: कृष्णा, कोयना, भीमा, नीरा, सीना, गोदावरी. कागदावर झकास! मग सहकाऱ्याला पार्किंगमध्ये बाइक चालू ठेवून उभं केलं आणि फोनवर नावं उलटसुलट वाचली. तो लिहीत गेला. गोदावरी एकदाही चुकली नाही. भीमा, नीरा, सीना यांची मात्र खिचडी. तिन्हींत आधी ‘ई’, मग ‘आ’. कृष्णा आणि कोयनाही दोनदा अदलाबदल झाल्या. आम्ही भीमा आणि कृष्णा ठेवल्या. नीरा, सीना आणि कोयना काढून तिथे इंद्रायणी, तापी आणि पंचगंगा आणल्या. पुन्हा तीच चाचणी, तीच बाइक. तापी एकदा चुकली, बाकी सगळं बरोबर.

परवा रात्री पुन्हा फोन आला. मी म्हणालो, “इंद्रायणी रीस्टार्ट कर.” पलीकडून आवाज आला, “इंद्रायणी, बरोबर?” मी म्हणालो, “बरोबर.” नाव बदललं तरी हे परत म्हणून घेणं मात्र आम्ही सोडलेलं नाही.